‘कसा वाटला?’ सोडून काय विचाराल: कच्च्या खर्ड्यासाठी जवळच्या वाचकांना नेमके प्रश्न

पुरावरचा माझा लेख मी पहिल्यांदा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तेव्हा अर्ध्या तासात अकरा उत्तरं आली. ‘लय भारी लिहिलंयस’, ‘डोळ्यांत पाणी आलं’, ‘आता पुस्तकच काढ’. मावशीने नुसते जोडलेले हात पाठवले. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी खर्डा उघडून बसले तेव्हा कुठला शब्द बदलावा, कुठला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवावा, हे त्या अकरा उत्तरांतून काही केल्या कळेना.

चूक त्यांची नव्हती. मी खाली लिहिलं होतं, ‘वाचा आणि सांगा कसा वाटला.’ पाहुण्याला ताट वाढून ‘कसं झालंय?’ विचारलं की तो ‘झकास’ म्हणणारच. मीठ किती पडलंय हे त्याला वेगळं विचारावं लागतं. त्यातून लेख स्वतःच्या आयुष्यातला असेल तर वाचणाऱ्याला लेख आणि लिहिणारी यांत फरक करता येत नाही. आईचं घर पाण्यात गेल्याबद्दल लिहिलंय, त्याला ‘तिसऱ्या पानावर कंटाळा आला’ असं कोण म्हणेल?

पुढचे चार महिने मी तोच खर्डा घेऊन वेगवेगळ्या वाचकांकडे गेले आणि प्रश्न बदलत गेले. त्यातून जी पद्धत हाताला लागली ती इथे त्या एका लेखाच्या आधाराने सांगते. ही पद्धत आठवणी, व्यक्तिचित्र, प्रवास, आजारपण अशा आपल्याच आयुष्यातल्या लेखनासाठी आहे, आणि आपल्याला ओळखणाऱ्या वाचकांसाठी आहे.

आधी लेखाबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमचं कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं घर पाण्यात होतं. आई घर सोडायला तयार नव्हती. दादा आणि वहिनी तिच्याजवळ होते, मी नोकरीसाठी पुण्यात. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. दादाने शेवटी आईला नावेत बसवून बाहेर काढलं. एवढी गोष्ट, साधारण अठराशे शब्दांत.

खर्डा देण्याआधी स्वतःच्या शंका लिहून काढा

प्रश्न वाचकासाठी असले तरी ते येतात आपल्या शंकांमधून. म्हणून कुणाला काही देण्याआधी एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, हा लेख वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात काय राहावं, ते एका वाक्यात. मी लिहिलं होतं, ‘घर सोडणं म्हणजे आईसाठी नेमकं काय सोडणं होतं.’ ही चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. वाचकाने सांगितलेलं आणि हे वाक्य शेवटी शेजारी ठेवून बघायचं असतं.

दुसरी गोष्ट, आपल्याला स्वतःला जिथे खात्री नाही त्या जागा. माझ्या चार होत्या. सुरुवातीला पाण्याच्या पातळीचा एक लांब परिच्छेद होता, तो जड होतोय का? आई माणूस म्हणून दिसते का, की नुसती हट्टी म्हातारी वाटते? शेवट ताणलाय का? चौथी शंका लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझा स्वतःचा भाग मी घाईने उरकलाय का?

चिठ्ठी लिहिताना शंका सुचत नसतील, तर खर्डा अजून वाचकांकडे न्यायच्या लायकीचा नाही किंवा आपण त्याच्या फार जवळ आहोत. दोन आठवडे बाजूला ठेवावा. आणि एखादा प्रसंग इतका ताजा असेल की त्याबद्दल कुणी ‘हे कळलं नाही’ म्हटलं तरी लागेल, तर तेव्हा खर्डा कुणालाही देऊ नये. तिथे आपल्याला मायाच हवी असते. ती सरळ मागावी, लेखाच्या आडून मागू नये.

वाचक जपून वापरा

एक माणूस एक लेख पहिल्यांदा एकदाच वाचू शकतो. दुसऱ्या वेळी त्याला पुढचं माहीत असतं. कुठे गोंधळ झाला, कुठे कंटाळा आला हे तो मग आठवून सांगतो, आणि आठवून सांगितलेलं नेहमी सौम्य होतं. ग्रुपवर लेख टाकून मी एका दमात अकरा पहिली वाचनं खर्च केली होती. म्हणून आता मी वाचक दोन खेपांत वाटते. पहिल्या खर्ड्याला तिघं, दुरुस्त खर्ड्याला ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही असे एक-दोघं.

प्रत्येकाला जे ठाऊक असतं तेच त्याला विचारायचं. माझ्या पहिल्या खेपेतले तिघं असे होते: शाळेपासूनची मैत्रीण, जी मला आणि आईला चांगली ओळखते. ऑफिसातली सहकारी, मूळची नागपूरची, जिने पंचगंगा कधी पाहिलेली नाही. आणि दादा, जो त्या घरात होता. चौथा एक वाचक मी मुद्दाम मागे ठेवला. ते आमच्या ओळखीतले एक काका, आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासलेली, आणि आमच्या घरच्या भानगडींची त्यांना काही कल्पना नाही.

दादाचं काम वेगळं होतं. जो माणूस लेखात आहे त्याला लेखनाबद्दल विचारू नये. तो स्वतःला शोधत वाचतो, आणि ते साहजिक आहे. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: यात काय चुकीचं आहे, आणि यातलं काय छापून आलेलं तुला चालणार नाही.

आईला मी खर्डा दिला नाही. तिच्या तोंडून टिपणं घेताना तिला जे पुन्हा आठवावं लागलं, तेवढं पुरे होतं.

शंकेचा प्रश्न करताना

खरी मेहनत इथे आहे. शंका जशीच्या तशी विचारली की तिचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘छान’ एवढंच येतं. म्हणून प्रत्येक प्रश्न लिहिल्यावर मी तीन गोष्टी तपासते. ‘छान आहे’ असं म्हणून यातून सुटता येतं का? उत्तर देताना वाचकाला कागदावर बोट ठेवावं लागेल का? आणि मला कुठलं उत्तर हवंय ते प्रश्नातूनच कळतंय का? माझ्या चारही शंका या चाळणीतून कशा गेल्या ते सांगते.

‘पातळीचा परिच्छेद जड झालाय का?’ असं विचारलं असतं तर मीच त्या परिच्छेदावर संशयाचा टिळा लावला असता. मग वाचक एक तर ‘नाही गं’ म्हणतो किंवा ‘हो, थोडा’ म्हणतो, दोन्ही मला बघून. त्याऐवजी प्रश्न असा केला: ‘वाचताना जिथे पहिल्यांदा पुढच्या ओळीवर उडी मारावीशी वाटली, तिथे समासात आडवी रेघ मारा.’ यात कुठल्याही परिच्छेदाचं नाव नाही. ‘कंटाळा’ हा शब्दही नाही. वाचकाला मत द्यायचं नाही, स्वतःला काय झालं तेवढं नोंदवायचंय. मत देताना माणूस भिडेला पडतो, नोंद करताना तितका पडत नाही.

‘आई डोळ्यांसमोर उभी राहते का?’ याचं उत्तर काय येणार ते सांगायला नको. त्याचा प्रश्न झाला: ‘कागद पालथे ठेव आणि या बाईबद्दल तुला आठवतात त्या तीन गोष्टी सांग.’ वाचकाला काही आठवलं नाही तर ती माणूस म्हणून उतरलेली नाही, मग वाचक काहीही म्हणो. आणि आठवलेल्या तीनही गोष्टी विशेषणं असतील, म्हणजे ‘हट्टी’, ‘प्रेमळ’, ‘खंबीर’, तर मी आईबद्दल सांगितलंय, आई दाखवलेली नाही.

‘शेवट जमलाय का?’ याच्यासाठी मी प्रश्न विचारलाच नाही, कागदाची मांडणी बदलली. शेवटचे दोन परिच्छेद वेगळ्या पानावर घेतले आणि ते पान वेगळ्या पाकिटात दिलं. आधीचं वाचून झाल्यावर विचारलं, ‘लेख इथे संपला असं वाटतं की पुढे आहे? असेल तर कशाची वाट बघते आहेस?’ मगच पाकीट उघडायचं. वाचकाने ‘संपला की’ असं म्हटलं, तर पाकिटातलं सगळं जास्तीचं आहे. ‘आई परत घरात गेली का ते कळायचंय’ असं म्हटलं, तर पाकिटात तेच हवं.

चौथी शंका सगळ्यात नाजूक होती. ‘लेख प्रामाणिक वाटतो का?’ असं कुणाला विचारूच नये. जवळच्या माणसाला त्याचं ‘नाही’ हे उत्तर देता येत नाही आणि परक्याला ते ठरवता येत नाही. मी विचारलं, ‘त्या आठवड्यात लिहिणारी कुठे होती आणि काय करत होती, ते तुझ्या शब्दांत सांग.’ प्रश्न अगदी साधा, जवळजवळ शाळेतल्या उताऱ्यावरच्या प्रश्नासारखा. पण ज्या जागी लेखक काही झाकत असतो त्या जागी वाचकाकडे सांगायला काहीच नसतं, आणि ते लगेच कळतं.

एवढे चार पुरे. पाचाच्या वर प्रश्न गेले की वाचक उत्तरपत्रिका सोडवायला लागतो आणि वाचायचं राहून जातं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मी पहिल्यांदा चुकवली होती. प्रश्न वाचनाआधी द्यायचे की नंतर, हे प्रत्येक प्रश्नासाठी वेगळं ठरवावं लागतं. समासात रेघ मारायचं काम आधी सांगावं लागतं, नाहीतर रेघ मारणार कोण? पण ‘आईबद्दल तीन गोष्टी’ हा प्रश्न आधी दिला तर वाचक पहिल्या ओळीपासून आईबद्दलच्या गोष्टी वेचत बसतो. मग त्याला काय आठवलं हे कळत नाही, त्याने काय शोधलं तेवढं कळतं. म्हणून आधी फक्त खुणा, बाकी सगळे प्रश्न वाचून झाल्यावर.

कागद आणि सोबतची चिठ्ठी

मोबाईलवर लेख पाठवू नये. एक तर लोक तो बसमध्ये, वरणाला फोडणी देता देता वाचतात. दुसरं म्हणजे तिथे रेघ मारता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून एका बाजूला छापून घ्यावा, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडे तीन बोटं समास, आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. क्रमांकांमुळे पुढे फार सोपं जातं. ‘ते मध्ये कुठेतरी आहे ना’ याच्याऐवजी ‘नऊमध्ये’ असं बोलता येतं. सोबत पेन्सिल द्यावी. हसू नका, पेन्सिल दिली की माणूस खुणा करतो. पेनाने दुसऱ्याच्या लेखावर लिहायला लोक कचरतात.

मैत्रिणीला दिलेली चिठ्ठी अशी होती:

‘हा अजून कच्चा आहे, मी तो पुन्हा लिहिणारच आहे. एका बैठकीत वाच, अर्धा तास लागेल. वाचताना तीनच खुणा कर. पुढे उडी मारावीशी वाटली तिथे आडवी रेघ. कळलं नाही किंवा पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. जिथे मनाने थांबलीस तिथे गोल. खुणांची कारणं लिहू नकोस, आपण बोलू. ऱ्हस्व-दीर्घ आत्ता बघू नकोस. छान म्हणायची जबाबदारी तुझ्यावर नाही, ते काम घरच्यांनी केलंय. पुढच्या रविवारी दुपारी येते.’

‘मी पुन्हा लिहिणारच आहे’ हे वाक्य गाळू नका. वाचकाला लेख पूर्ण झालाय असं वाटलं तर दोष सांगणं त्याला निर्दयपणाचं वाटतं. काम चालू आहे म्हटलं की तोच दोष सांगणं मदत होते. शुद्धलेखनाबद्दलची सूचनाही अशीच महत्त्वाची. ती नसेल तर कष्टाळू वाचक पंचवीस वेलांट्या दुरुस्त करून देतो आणि त्याला वाटतं आपलं काम झालं. जो परिच्छेद उद्या जाणारच आहे, त्यातल्या वेलांट्या आज कशाला?

समोर बसल्यावर

रविवारी मैत्रिणीकडे गेले. तिने चहा ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली, ‘मस्तच लिहिलंयस गं, मला फार आवडलं.’ हे वाक्य येणारच. त्याला अडवू नये. ‘बरं वाटलं’ म्हणावं आणि पहिल्या गोलावर बोट ठेवावं.

तिचे गोल बघून मी चक्रावले. आई दारात उभी राहून घराकडे वळून बघते, तो परिच्छेद मी रडवायसाठीच लिहिला होता. तिथे काहीच खूण नव्हती. गोल होता बाराव्या परिच्छेदात, एका छोट्या वाक्याभोवती: आईने गॅसची टाकी वाहून जाऊ नये म्हणून जुन्या साडीने खिडकीच्या गजाला बांधून ठेवली होती. मी विचारलं, ‘इथे काय झालं?’ ती म्हणाली, ‘म्हणजे त्यांना परत यायचंच होतं की. टाकी बांधून जाणारी बाई घर सोडून कुठं जातीय?’

माझ्या दडवलेल्या चिठ्ठीवर जे वाक्य होतं, ते तिने या एका साडीतून बरोबर काढलं. दाराशी वळून बघण्याचा अख्खा परिच्छेद त्यामुळे नको झाला.

ग्रुपवर ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं लिहिणाऱ्या मावशीलाही मी मग फोन करून विचारलं, ‘कुठल्या वाक्याला?’ ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘ते साडीचं.’ गोड उत्तर टाकून देऊ नका, त्याला जागा विचारा. जागा सांगता आली तर तेही कामाचं होतं.

बसल्यावर आपण तीनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे: ‘कुठे?’, ‘इथे यायच्या आधी तुला काय वाटत होतं?’, ‘तुला पुढे काय येईल असं वाटलं होतं?’ उत्तरं तिच्याच शब्दांत वहीत उतरवायची, आपल्या भाषेत सुधारून लिहायची नाहीत. आणि खुलासा करायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. एकदा खुलासा केला की त्या वाचकाला खर्ड्यात काय होतं आणि तुम्ही तोंडी काय सांगितलं यांतला भेद राहत नाही.

माझं तोंड एकदा सुटलंच. ‘त्या आठवड्यात लिहिणारी कुठे होती?’ असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘तू पुण्यात होतीस, रस्ता बंद झाला म्हणून अडकलीस.’ मग जरा थांबून, चहाचा कप फिरवत, ‘पण पाणी तर आधीपासून चढत होतं ना? शनिवारी एसटी चालू होती. तू शनिवारीच का नाही निघालीस?’

मी म्हणाले, ‘अगं सोमवारी ऑडिट होतं, साहेबांनी सुट्टी नाकारली असं नाही, मी मागितलीच नाही. मला वाटलं दरवर्षीसारखं पाणी येईल आणि जाईल. दादा आहे की तिथे.’

बोलता बोलता थांबले. हे सगळं खर्ड्यात नव्हतं. तिथे नुसतं होतं, ‘रस्ता बंद झाला आणि मी पुण्यातच अडकले.’ वाक्य खरं, पण ३ ऑगस्टचा शनिवार त्यात गायब. तेव्हापासून मी एक नियम केलाय. खुलासा करू नये, पण तोंडून निघालाच तर जे बोललो ते शब्दशः लिहून घ्यावं. लेखात जे वाक्य नाही, ते बहुतेक वेळा तिथेच असतं.

उत्तर मायेपोटी आलंय हे कसं ओळखायचं

बोलताना वाचकाचा हात कागदाकडे जात नसेल, तर तो लेखाबद्दल बोलत नाही. त्याची वाक्यं ‘तू किती सोसलंस’, ‘तुझी आई म्हणजे ना’ अशी सुरू होत असतील, तर तो तुमच्याबद्दल बोलतोय. तेव्हा हळूच परिच्छेदाच्या क्रमांकावर आणावं.

दुसरी खूण जरा आडवळणाची आहे. आपल्याला ओळखणारा वाचक लेखातल्या रिकाम्या जागा स्वतःच्या माहितीने भरून काढतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. मैत्रिणीने आईबद्दलच्या तीन गोष्टी सांगताना म्हटलं, ‘त्या आल्याचा चहा करतात ना, तो.’ लेखात चहाचा उल्लेखही नव्हता. म्हणजे तिला आई दिसली ती माझ्या लिहिण्यातून नाही, आमच्या स्वयंपाकघरातून. म्हणून वाचकाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खर्ड्यात खरंच आहे का, ते घरी येऊन ताडून पाहावं. नसेल तर त्या प्रश्नापुरतं त्या वाचकाचं उत्तर धरू नये आणि तोच प्रश्न अनोळखी वाचकाला विचारावा.

नागपूरच्या सहकारीला तोच प्रश्न विचारला तेव्हा तिने दोनच गोष्टी सांगितल्या: टाकी बांधली, आणि पायऱ्या मोजल्या. आई पाणी फुटांत मोजायची नाही, ‘तिसरी पायरी गेली’ असं म्हणायची, हे एका ओळीत होतं. तिसरी गोष्ट तिला आठवली नाही. म्हणजे आई माझ्या लेखात दोन वाक्यांत होती. बाकी जागा मीच अडवली होती.

खुणा एकत्र केल्यावर

एक कोरी प्रत घ्यावी आणि सगळ्यांच्या खुणा वेगवेगळ्या रंगांत तिच्यावर उतरवाव्यात. मग रंग कुठे जमतात ते दिसतं.

माझ्याकडे दोन्ही वाचकांच्या खुणा चौथ्या परिच्छेदात जमल्या. त्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी होती: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि तिथून ५५च्या वर पाणी कसं गेलं. मैत्रिणीची आडवी रेघ होती. ती म्हणाली, ‘हे आपल्याला तोंडपाठ आहे, काढून टाक.’ सहकारीचं प्रश्नचिन्ह होतं. ती म्हणाली, ‘४३ म्हणजे घरात किती? जरा समजावून लिही.’ एक म्हणते कमी कर, दुसरी म्हणते वाढव.

अशा वेळी दोघींच्या सल्ल्याचा मधला मार्ग काढायला जाल तर परिच्छेद तेवढाच राहील आणि दोघींना आवडणार नाही. दोघींनी बोट एकाच जागी ठेवलंय, म्हणजे तिथे दोष आहे, हे धरून चालावं. उपाय मात्र आपला आपण शोधायचा. वाचकाला कुठे दुखतं ते बरोबर कळतं, औषध तो आपल्या सवयीचं सांगतो. मी दोघींना ‘इथे यायच्या आधी काय वाटत होतं?’ हे विचारलेलं वहीत होतं. दोघींचं उत्तर जवळपास सारखं: आईला पुढे काय झालं ते हवं होतं. आकडे जड नव्हतेच, ते चुकीच्या वेळी आले होते. आई पायरीवर उभी असताना मी वाचकाला उचलून बंधाऱ्यावर नेलं होतं. शेवटी मी फुटांचा हिशोब काढला, आणि दादा फोनवर पातळी सांगतो व आई त्याला पायऱ्यांत उत्तर देते, असा दोन ओळींचा संवाद ठेवला. ४३ तिथे आलं, आणि त्याच्या शेजारी ‘तिसरी पायरी’ही आली.

एकाच वाचकाची खूण असेल तर तो कोण आहे ते पाहावं. स्थळाबद्दलचा गोंधळ फक्त बाहेरच्या वाचकाला झाला असेल तर तो खरा गोंधळ आहे, आपल्याकडच्यांना तो होणारच नव्हता. पण भाषेच्या चवीबद्दल एकट्याचं मत असेल, जसं सहकारीला ‘जातीय’, ‘करतीय’ खटकलं, तर ते ऐकावं आणि सोडून द्यावं. आई तशीच बोलते.

दादाची बैठक

दादाला खुणा वगैरे काही दिल्या नाहीत. त्याच्या शेजारी बसून लेख वाचून दाखवला आणि दोन प्रश्न विचारले. चूक त्याने एक काढली, पण मोठी. मी लिहिलं होतं, पाणी दारातून आत आलं. तो म्हणाला, ‘दारातनं न्हवं. आधी मोरीच्या जाळीतनं वर आलं. दार कोरडं होतं आणि आत पाणी. म्हणून तर आईला खरं वाटेना.’ मी तिथे नव्हते, म्हणून मला जे पूर दिसतात तसा पूर मी लिहिला होता.

काय छापायचं नाही असं विचारल्यावर त्याने एक वाक्य दाखवलं. फोनवर तो माझ्यावर ओरडला होता, ते. वाक्य लेखासाठी उत्तम होतं आणि मैत्रीण व सहकारी दोघींनी त्याला गोल केला होता. तरी काढलं. परवानगी विचारायची असेल तर नकार मानायची तयारी ठेवूनच विचारावी, नाहीतर तो प्रश्न विचारू नये.

दुसरी खेप

दुरुस्त खर्डा झाल्यावर तो आधीच्या वाचकांना पुन्हा दिला नाही. त्यांना आता उत्सुकता असते ती आपलं ऐकलं का याची. तो मागे ठेवलेल्या काकांना दिला. या वेळी प्रश्न दोनच, कारण बाकीच्या शंका मिटल्या होत्या: आईबद्दल तीन गोष्टी, आणि लिहिणारी कुठे होती.

काका गंगावेशीजवळ राहतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद पालथे घातले. तीन गोष्टी सांगितल्या त्या अशा: पायऱ्या मोजणारी, टाकी साडीने बांधणारी, आणि ‘दार कोरडं आहे की रे’ म्हणून आतल्या पाण्याकडे बघायला तयार नसलेली. मग दुसरं उत्तर. ‘मुलगी पुण्यात होती. शनिवारी निघाली असती तर पोचली असती. ऑफिसात काहीतरी होतं, पण ते कारण तिलाच पटलेलं नाही.’

मी वहीत उतरवून घेतलं. खाली त्यांनी पेन्सिलीने केलेल्या चार वेलांट्याही होत्या. सांगूनही त्यांना राहवलं नव्हतं. त्या तशाच दुरुस्त केल्या आणि खर्डा बंद केला.